आंबट झालं, पण फुगलं नाही: इडलीच्या पिठात रात्रभर काय चालतं

प्रश्न: ताई, आम्ही धाराशिवला राहतो. उन्हाळ्यात इडलीचं पीठ पहाटेच डब्याबाहेर येतं. थंडीत मात्र वाकळीत गुंडाळून ठेवलं तरी फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं तर आंबट होतं, पण बसलेलंच राहतं. रात्रीत त्या पिठात नेमकं होतं काय? फुगतं ते तांदळाने की डाळीने? आणि दाण्यांचं काय होतं?

पीठ वर येतं ते वायूमुळे. हा वायू जीवाणू तयार करतात आणि उडदाची डाळ त्याला धरून ठेवते. तयार करणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या थंडीतल्या पिठात पहिलं काम उशिरा का होईना झालंय, दुसरं झालेलं नाही. मी लातूरला खानावळींना आणि मेसना इडली-डोशाचं पीठ पुरवते. परभणीला अन्नतंत्राचं शिक्षण झालंय, त्यामुळे कारणंही थोडी सांगते.

जीवाणू येतात कुठून, इथून सुरुवात करू. ते धान्यावरच असतात, आणि जास्त करून उडदावर. हाताने कालवलं तरच पीठ येतं असं आपल्याकडे म्हणतात. पण मी गिऱ्हाइकाचं पीठ लांब दांड्याच्या पळीने कालवते आणि ते तितकंच फुगतं. हाताचा फायदा इतकाच की तांदूळ आणि डाळ नीट एकजीव होतात. डाळ भिजत पडली की हे जीवाणू जागे होतात आणि वाटल्यावर त्यांना खायला साखर मिळते. यातला सुरुवातीचा मानकरी म्हणजे ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस. मुखर्जी, स्टाइनक्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली इडलीच्या पिठावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीठ फुगवण्याचं काम मुख्यतः हाच जीवाणू करतो, त्यासाठी पावासारखं यीस्ट लागत नाही, हे त्यात दिसलं. हा साखर खातो तेव्हा आंबट लॅक्टिक आम्ल तयार होतं, जोडीला थोडं अल्कोहोल किंवा व्हिनेगरमधलं आम्ल, आणि कार्बन डायऑक्साइड वायू. त्याच्या मागोमाग एन्टरोकोकस आणि पेडिओकोकस जातीचे जीवाणू वाढतात. तेही आम्ल करतात, पण वायू जवळजवळ करत नाहीत. हा फरक लक्षात ठेवा, उन्हाळ्याचं बोलताना लागेल.

आता दाण्यांचं काय होतं ते. पुष्कळांना वाटतं, आंबवताना जीवाणू तांदूळच खाऊन टाकतात. तसं नाही. ढोबळ हिशोब करून बघा. ६०० ग्रॅम उकडा तांदूळ आणि २०० ग्रॅम उडीद घेतला की पीठ साधारण दीड लिटर होतं. ते दुप्पट व्हायला दीड लिटर वायू लागतो, शिवाय पाऊण लिटरच्या आसपास वायू पिठातल्या पाण्यात विरघळून राहतो. एवढा वायू करायला जीवाणूंना सुमारे १५ ग्रॅम साखर पुरते. ८०० ग्रॅम धान्यातली १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीनेक चमचे. तेवढ्यातून आठ-नऊ ग्रॅम लॅक्टिक आम्लही तयार होतं, आणि सकाळच्या पिठाची आंबट चव ती हीच. ही साखर थोडी धान्यात आधीपासून असते, थोडी भिजवण्या-वाटण्यात स्टार्चमधून सुटते. कच्च्या स्टार्चच्या कणांना हे जीवाणू फारसा हात लावत नाहीत.

म्हणजे तांदळाचा रवाळ कण सकाळीही रवाळ कणच असतो. उकड्या तांदळात भाताचा दाणा सालासकट वाफवून वाळवलेला असतो, त्यामुळे त्यातलं स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट बसलेलं असतं. तो वाटला तर चिकट लगदा न होता बारीक रव्यासारखा होतो. रात्रभर तो कण पाणी पितो आणि आंबट पाण्यात जरा मऊ पडतो, इतकंच. त्याचं खरं काम सकाळी वाफेवर असतं. तिथे तो फुलून शिजतो आणि बुडबुड्यांच्या भोवतीची भिंत पक्की करतो. इडलीला जाळी दिसते ती या भिंतीमुळे.

डाळीत मात्र बरंच घडतं. उडदात पोट फुगवणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज जातीच्या साखरा असतात. त्यातला काही भाग भिजवताना पाण्यात उतरतो, काही जीवाणू संपवतात. धान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवतं. भिजवल्याने आणि आंबवल्याने तेही कमी होतं, म्हणून ते लोह-जस्त अंगाला जास्त लागतं. थायमिन आणि रायबोफ्लेविन ही ब गटातली जीवनसत्त्वं थोडी वाढतात. उडदाचं वरण जड पडणाऱ्या माणसाला इडली सोसते, त्यामागे हे सगळं आहे.

पण पीठ फुगण्याच्या दृष्टीने उडदाचे दोन गुण महत्त्वाचे. एक म्हणजे त्याची प्रथिनं. ती हवेच्या बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात. दुसरा म्हणजे त्यातला अरॅबिनोगॅलॅक्टन नावाचा बुळबुळीत पदार्थ. तो पिठाला घट्टपणा देतो, त्यामुळे पडदा फाटत नाही आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून वर पळत नाहीत. भिजलेला उडीद बोटात चोळला की जी तार सुटते, ती याचीच. मुगाची डाळ घेऊन बघा, आंबेल व्यवस्थित, पण उडदासारखी चढणार नाही. अर्धा चमचा मेथी घालतात तीही याचसाठी, तिच्यातही असाच चिकट पदार्थ आहे. अर्ध्याचे दोन चमचे केले तर पीठ कडवट आणि पिवळट होतं, जास्त काही मिळत नाही.

आता तुमच्या अडचणीकडे. वायू निसटून जातो, आम्ल मात्र पिठातच साठत राहतं. ल्युकोनोस्टॉकने जितका वायू केला, त्या मानाने आंबटपणा डब्यात जमा आहे. म्हणून आंबट चव म्हणजे वायू किती तयार झाला याची नोंद, आणि पिठाची उंची म्हणजे त्यातला किती टिकला याची. तुमचं पीठ आंबट आहे म्हणजे वायू झाला होता. उंची नाही म्हणजे तो टिकला नाही. ट्यूब पंक्चर असताना पंप मारत राहावं, तसं हे पीठ आणखी चार तास ठेवून काही होणार नाही, फक्त आंबट होईल. याउलट पीठ बसलेलं आहे आणि चवीला गोडसरच लागतंय, तर वायू झालेलाच नाही, तिथे वेळ आणि ऊब दिली पाहिजे. पीठ बसलं की आधी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखावं, मग काय करायचं ते ठरवावं.

आणखी एक गोष्ट बघायची. डब्याच्या आतल्या कडेवर नजर टाका. पिठाच्या सध्याच्या पातळीच्या वर दोन-तीन बोटं पांढरट, जाळीदार, सुकत आलेला पट्टा दिसतो का? दिसला तर पीठ रात्री चढलं होतं आणि तुम्ही उठायच्या आत खाली बसलं. कड स्वच्छ असेल आणि पीठ आंबट असेल, तर ते कधी चढलंच नाही, वायू जसा झाला तसा निसटत गेला. स्टीलच्या डब्यात हे कळत नसेल तर त्याच पिठातलं पेलाभर काचेच्या बरणीत घाला, पातळीला रबर लावा आणि डब्याशेजारीच ठेवा. बाहेरून बुडबुडे दिसतात. चांगल्या पिठात ते मोहरीएवढे, सगळीकडे सारखे विखुरलेले असतात. पातळ पिठात तळाला तांदळाचा पांढरा घट्ट थर बसतो, वर पाणी दिसतं आणि मोठे बुडबुडे येऊन पृष्ठभागावर फुटतात. पंक्चर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

थंडीत वायू का टिकत नाही? थंडीत जीवाणू सावकाश काम करतात. रात्रीत जो वायू व्हायचा तो वीस-बावीस तासांत होतो. तितका वेळ बुडबुडे धरून ठेवायला पीठ भक्कम हवं. उन्हाळ्यात सात तासांत काम उरकत असल्याने थोडं पातळ पीठही निभावून नेतं, थंडीत त्याचा कमकुवतपणा उघडा पडतो. म्हणून तुमच्या पिठात मला दोन गोष्टी दुरुस्त करायच्या दिसतात: डाळ वाटण्याची पद्धत आणि पीठ ठेवतानाची त्याची ऊब.

डाळ आधी. एक मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम, गोटा उडीद आणि अर्धा चमचा मेथी एकत्र घ्या. दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि मग चांगल्या पाण्यात चार-पाच तास भिजवा. तांदूळ तीन वाट्या, वेगळा भिजवा. दोन्ही एकत्र भिजवून एकत्र वाटायचं, ही घाईची पद्धत फुगण्याच्या मुळावर येते, कारण डाळ जितकी बारीक लागते तितका तांदूळ बारीक नको असतो. डाळ भिजवलेलं पाणी मी फेकत नाही, वाटताना तेच वापरते, जीवाणू त्यात उतरलेले असतात. घरात कुणाला पोट फुगण्याचा त्रास असेल तर ते पाणी टाकून दिलं तरी चालतं, डाळीवर पुरेसे जीवाणू उरतात.

एका वाटी डाळीला वाटताना सव्वा वाटीच्या आसपास पाणी लागतं. ते एकदम ओतू नका. आधी पाऊण वाटी, मग दोन-दोन चमचे. मिक्सर असेल तर भांडं तापतं. पीठ हाताला कोमट लागायला लागलं की थांबा, दोन मिनिटं जाऊ द्या. उन्हाळ्यात मी गार पाणीच वापरते. डाळ बारीक झाली म्हणजे काम संपलं असं नाही, ती हलकी झाली पाहिजे. वाटताना तिच्यात हवेचे जे बारीक बुडबुडे शिरतात, त्यांच्यातच रात्री जीवाणूंचा वायू भरत जातो. म्हणून रात्रीची उंची बऱ्याच अंशी संध्याकाळीच ठरते. तपासायला वाटीभर पाणी घ्या आणि बोराएवढा डाळीचा गोळा त्यात सोडा. तरंगला तर झालं. बुडाला तर आणखी वाटा. गोळा पाण्यात विरून पसरला तर पाणी जास्त झालंय. तरंगणारी डाळ मिक्सरच्या झाकणाला मऊ, पांढरी, लोण्यासारखी चिकटलेली दिसते.

इतकं करूनही डाळ तरंगत नसेल, तर डाळच जुनी आहे. आपल्याकडे उडीद खरिपाचा, पावसाळा सरता सरता मोंढ्यात नवा माल येतो. दुकानात दोन पावसाळे पडून राहिलेली डाळ वाटताना पाणी कमी पिते, तार कमी सोडते आणि हलकी होत नाही. अशी डाळ वरणाला, पापडाला लावा. इडलीला तीच वापरायची असेल तर तीन वाट्यांऐवजी अडीच वाट्या तांदूळ घ्या.

तांदळाला वाटताना वाटीभर पाणी पुरतं. बोटांच्या चिमटीत बारीक रव्यासारखा लागला पाहिजे. आपल्या भागात लहान गावांत उकडा तांदूळ मिळत नाही. मग इडली रवा आणा, तोही बहुतेक उकड्या तांदळाचाच असतो. तो दोन तास भिजवून, घट्ट पिळून डाळीत मिसळायचा, वाटायचा नाही. रव्याला मी दोन वाट्यांना एक वाटी डाळ धरते. रेशनचा साधा तांदूळ फार बारीक वाटला की पीठ चिकट आणि इडली दडस होते. तोच वापरायचा तर जाडसर वाटा. कालवलेलं पीठ पळीतून पडताना धार न लागता जाड पट्ट्यासारखं पडावं आणि खाली पडलेली घडी क्षणभर दिसावी. पीठ याहून पातळ असेल तर थंडीत ते वायू धरणार नाही.

मिठाबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एवढ्या पिठाला साधारण दोन चहाचे चमचे, बारा ग्रॅमच्या आसपास मीठ पडतं. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. ल्युकोनोस्टॉक यापेक्षा जास्त मीठ सहन करतो, म्हणून रात्री मीठ घातलं तर पीठ येत नाही हे खरं नाही. किंचित सावकाश येतं. मी बारा महिने रात्रीच घालते, कारण सकाळी मीठ कालवायला पीठ ढवळावं लागतं आणि रात्रभर जमलेला वायू आपणच बाहेर काढतो.

आता ऊब. वाकळ स्वतः ऊब देत नाही, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकंच. बारीक जीवाणूंच्या कामातून निघणारी उष्णताही इतकी थोडी असते की पीठ तिने तापत नाही. जानेवारीत नळाच्या गार पाण्यात भिजवून, गार ओट्यावर वाटलेलं पीठ पंधरा-सोळा अंशांवर असतं. ते वाकळीत गुंडाळलं तर वाकळ त्याचा गारठाच सांभाळून ठेवते. म्हणून गुंडाळायच्या आधी पीठ कोमट करायचं. मोठ्या घमेल्यात तीन लिटर पाणी घ्या, पंचेचाळीस अंशांचं, म्हणजे हात घातला तर सोसेल पण फार वेळ ठेवावासा वाटणार नाही इतपत. त्यात पिठाचा स्टीलचा डबा ठेवा. अधूनमधून तळापासून पीठ हलक्या हाताने वरखाली करा, नाहीतर कडेचं गरम आणि मधलं गार राहतं. दहा-पंधरा मिनिटांत सोळा अंशांवरचं हे दीड लिटर पीठ तीस अंशांच्या आसपास येतं. बोट घातल्यावर गारही वाटू नये आणि गरमही वाटू नये, ही खूण. मग डबा पुसून, झाकण सैल ठेवून, चहूबाजूंनी आणि खालूनही वाकळीत गुंडाळा. खालून विसरू नका, शहाबादी फरशी रात्रभर ऊब ओढून घेते. रात्री आठला ठेवलेलं असं पीठ सकाळी सात-आठपर्यंत दुपटीजवळ यायला हवं. गरम ओव्हनमध्ये किंवा निखाऱ्याजवळ डबा ठेवू नका. कडेचं पीठ चाळिसाच्या वर गेलं की ल्युकोनोस्टॉक मागे पडतो.

तुमच्या उन्हाळ्याचं उत्तरही यातच आहे. ल्युकोनोस्टॉकला पंचवीस ते तीस अंश मानवतात. मे महिन्यात आपल्या घरात रात्रीही पस्तीसच्या आसपास असतं. तिथे पीठ झपाट्याने वर येतं, आणि लगेच नुसतं आम्ल करणारे जीवाणू पुढे सरसावतात. आम्ल वाढत गेलं की बुडबुड्यांभोवतीची प्रथिनं आकसतात, पडदे फुटतात, पाणी सुटतं आणि पीठ खाली बसतं. कडेवरचा तो पट्टा उन्हाळ्यात हमखास दिसतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला वाटू नका, रात्री साडेदहाला वाटा, गार पाण्याने. डबा पाणी भरलेल्या परातीत ठेवून वरून ओलं फडकं टाका आणि पीठ दीडपट झालं की थेट फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये गेल्यावरही आतलं पीठ गार होईपर्यंत तास-दोन तास चढतच असतं, म्हणून डबा अर्ध्याहून जास्त भरू नका.

फुगलेलं पीठ इडलीपात्रात घालताना ढवळू नये. डब्याच्या कडेने पळी आत घालून एका बाजूने उचलत जायचं. पाणी आधी खळखळ उकळलेलं हवं. गार पाण्यावर पात्र चढवलं तर वाफ येईपर्यंत बुडबुडे फुटतात आणि चांगल्या पिठाच्याही इडल्या चपट्या होतात. मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं वाफ द्यायची. उष्णतेने आतला वायू आणखी फुगतो, त्याच वेळी प्रथिनं घट्ट होतात आणि तांदूळ शिजतो, म्हणून साच्यात इडली पिठापेक्षा उंच होते.

आज आंबट होऊन बसलेलं पीठ हाताशी असेल तर त्याच्या इडल्या करायच्या भानगडीत पडू नका. खायचा सोडा घातला तर तो त्या आम्लाबरोबर लगेच वायू सोडतो, पण पीठ वायू धरत नसेल तर तो वायूही पाच मिनिटांत निघून जातो, आणि सोडा जास्त पडला की इडली पिवळट होऊन वास मारते. त्यात दोन चमचे ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर आणि हिरवी मिरची घालून तव्यावर जाड उत्तप्पे काढा. तिथे उंची लागत नाही आणि आंबटपणा चवीला बरा लागतो. वास चढा, कुजका असेल किंवा वर गुलाबी-काळे ठिपके दिसले, तर मात्र ते पीठ टाकूनच द्या.